‘लुटारू गॅरेज’ असा रिव्ह्यू आल्यावर: बिल तपासण्यापासून पैसे परत करेपर्यंत

रविवारी सकाळी गूगल मॅप्सवर तुमच्या गॅरेजच्या नावाखाली एक तारा आणि चार ओळी दिसतात: ‘सर्व्हिसिंगचे ४२०० सांगितले आणि हातात ९९१२चं बिल ठेवलं. न विचारता कामं केली. ऑइल पण जास्त लावलंय. लुटारू लोक आहेत, जाऊ नका.’ असा रिव्ह्यू वाचला की हात लगेच मोबाईलकडे जातो आणि बहुतेक गॅरेजवाल्यांचं नुकसान त्या पहिल्या दहा मिनिटांतच होतं. उत्तर लिहिणं हे या कामातलं शेवटून दुसरं पाऊल आहे. त्याच्या आधी बिल उलगडून बघायचं असतं.

जास्त पैसे लावल्याची तक्रार इतर तक्रारींपेक्षा एका बाबतीत सोपी असते. ‘माणसं उद्धट आहेत’ या आरोपाला कागद नसतो, पण ‘जास्त लावले’ या आरोपाला असतो. इथे एस्टिमेट आहे, जॉबकार्ड आहे, बिल आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आहेत. त्यामुळे उत्तरात रुपयांचा नेमका आकडा देता येतो आणि वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तो आकडा कसा काढायचा आणि लोकांसमोर कसा मांडायचा, हे वरच्याच रिव्ह्यूवरून पाहू. गाडी पेट्रोल हॅचबॅक, गॅरेज जीएसटी नोंदणी असलेलं, बिल शनिवार, १४ तारखेचं.

आधी बिल कोणाचं ते शोधा

रिव्ह्यूवरचं नाव बऱ्याचदा खरं नसतं. तरी आकडा आणि दिवस यावरून बिल सापडतं: आदल्या आठ-दहा दिवसांच्या बिलांत ९,९१२ची रक्कम शोधा. सापडली की तेच बिल. नाही सापडलं, तर जाहीर उत्तरात ‘असा कोणी ग्राहक आमच्याकडे आलाच नाही’ असं लिहू नका. बिल बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असू शकतं, आकडा तोंडी गोल केलेला असू शकतो. नंतर त्या माणसाने बिलाचा फोटो टाकला तर तुम्ही खोटे ठरता आणि ते खोडता येत नाही. अशा वेळी ‘बिल नंबर कळवा, त्याच दिवशी तपासतो’ एवढंच लिहावं. रिव्ह्यू खरोखरच बनावट वाटत असेल तर गूगलकडे रिपोर्ट करा, पण तो निघेल म्हणून गप्प बसू नका. तोवर लोक वाचतच असतात.

बिलाच्या ओळी तीन ढिगांत टाका

फोनवर सांगितलेल्या ४,२०० रुपयांत काय होतं ते आधी लिहून काढा. इंजिन ऑइल साडेतीन लिटर, ४८० रुपये दराने १,६८०. ऑइल फिल्टर १५०, एअर फिल्टर ३२०, सर्व्हिसिंगचं लेबर १,४००. बेरीज ३,५५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३९, एकूण ४,१८९. म्हणजे ‘४,२००’ हा आकडा टॅक्ससकट आणि बरोबर होता.

आता बिल बघा. करापूर्वीची रक्कम ८,४००, त्यावर १,५१२ जीएसटी, एकूण ९,९१२. करापूर्वीचा फरक ४,८५० रुपयांचा. तो या ओळींतून आला आहे:

- पुढचे ब्रेक पॅड १,८५० आणि ते बसवण्याचं लेबर ६००
- एसीचा केबिन फिल्टर ३५०
- थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ७५०
- इंजिन फ्लश ५००
- ब्रेक क्लीनर स्प्रे २६०
- कन्झ्युमेबल्स ३००
- ऑइल साडेतीनऐवजी चार लिटर, जादा २४०

प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारायचा: हे करण्याआधी ग्राहकाने किंमत ऐकून ‘हो’ म्हटल्याचा पुरावा आहे का? ‘मेकॅनिक म्हणाला, मी सांगितलं होतं’ हा पुरावा नव्हे. त्या मेकॅनिकला विचारा जरूर, पण रागावून विचारलंत तर तो स्वतःला वाचवणारं उत्तर देईल आणि तेच तुम्ही जाहीरपणे लिहून बसाल.

पहिला ढीग मंजुरी असलेल्या कामांचा. ब्रेक पॅडचा फोटो शनिवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आहे, खाली ‘पॅड दोन एमएम उरलेत, लेबर आणि टॅक्स धरून २,८९१’ असा मेसेज आहे आणि ग्राहकाचं ‘बदला’ असं उत्तर आहे. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की बदलणं योग्यच, म्हणून ही ओळ पक्की.

दुसरा ढीग सरळ चुकांचा. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फिल्टरसकट साडेतीन लिटर ऑइल लागतं. गॅरेजने चार लिटरचा कॅन फोडला, साडेतीन ओतलं, अर्धा लिटर स्वतःकडे ठेवलं आणि पैसे चार लिटरचे लावले. ऑइलबद्दलच्या तक्रारींत हे कारण वारंवार सापडतं. एक तर ओतलं तेवढंच बिलात लावायचं किंवा उरलेलं ऑइल कॅनसकट डिकीत ठेवायचं. दुसरी चूक कन्झ्युमेबल्सची. ग्रीस, चिंध्या, स्प्रे असा किरकोळ खर्च त्या एका ओळीत धरतात. इथे ब्रेक क्लीनर स्प्रे वेगळाही लावलाय, म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. शिवाय पॅडचा जो आकडा ग्राहकाला कळवला, त्यात स्प्रेही धरलेला नव्हता आणि कन्झ्युमेबल्सही नव्हते. त्यामुळे दोन्ही ओळी जातात.

तिसरा ढीग अवघड: काम झालंय, कदाचित गरजेचंही होतं, पण विचारलं नव्हतं. केबिन फिल्टर, थ्रॉटल बॉडी, फ्लश. इथे मालकांचा जीव अडकतो, कारण फिल्टर गाडीत बसलेला आहे आणि माणसाचा तासभर गेलेला आहे. तरीही हे पैसे पूर्ण परत करावेत. अर्धे परत केलेत तर ‘थ्रॉटल साफ करायची गरज होती का’ हा वाद सुरू होतो आणि त्यात तुमच्या बाजूने दाखवायला काही नसतं. बसवलेला फिल्टर काढून घेण्याची भाषाही नको. ३५० रुपयांच्या फिल्टरसाठी गाडी परत बोलावणारं गॅरेज लोकांच्या लक्षात राहतं.

हिशेब असा: ४,८५० मधून पॅडचे २,४५० वजा केले की २,४०० राहतात. त्यावरचा १८ टक्के कर ४३२. परत द्यायची रक्कम २,८३२ रुपये. दुरुस्त बिल ७,०८०, म्हणजे ४,१८९ अधिक २,८९१, जे दोन्ही आकडे ग्राहकाने आधी ऐकले होते. बेरीज अशी जुळली की उत्तर लिहिणं सोपं जातं. कर परत करायला विसरणं ही नेहमीची चूक आहे. २,४०० पाठवलेत तर ग्राहक ४३२ रुपयांसाठी दुसरा रिव्ह्यू लिहितो आणि त्याचं बरोबरच असतं.

आधी फोन, मग उत्तर

बिलावर नंबर असतो. उत्तर टाकण्याआधी मालकाने स्वतः फोन करावा, काउंटरवरच्या मुलाकडे सोपवू नये. बोलणं छोटं ठेवा: ‘नमस्कार, गॅरेजमधून बोलतोय. तुमचं शनिवारचं बिल मी ओळ न् ओळ तपासलं. २,८३२ रुपये जादा लागलेत, ते परत करतोय. पॅडचं काम तुम्हाला विचारून केलंय, ते तसंच राहील. पैसे ज्या खात्यातून आले तिथेच पाठवू का?’ आकडा पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगा. त्याच्याआधी ‘साहेब, तुम्ही असं लिहायला नको होतं’ आलं की पुढचं काही ऐकलं जात नाही. रिव्ह्यू काढा, बदला, तारे वाढवा, यातला एकही शब्द या फोनवर नको.

समोरचा म्हणेल, ‘४,२००च्या वरचे सगळे परत करा.’ म्हणजे ५,७१२. इथे ताणू नका, पण झुकूही नका. पॅडचा फोटो आणि ‘बदला’ हा मेसेज त्यालाच पुन्हा पाठवा. जुने पॅड ठेवलेले असतील तर येऊन बघायला सांगा. जुने सुटे भाग निदान पंधरा दिवस जॉबकार्डचा नंबर लावून ठेवण्याचा उपयोग अशा वेळी होतो. मंजुरी असलेल्या कामाचे पैसे गप्प बसवण्यासाठी परत करणं वाईट, कारण मग तुमच्याच जाहीर उत्तरातला हिशेब खोटा ठरतो.

फोन उचलला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच लिहून ठेवा आणि उत्तर टाकायला थांबू नका.

जाहीर उत्तर

गूगलवर एका रिव्ह्यूला धंद्याच्या मालकाकडून एकच उत्तर देता येतं, मात्र ते नंतर बदलता येतं. प्रोफाइल ज्या खात्यावर आहे त्या खात्याने लॉगिन करून गूगलवर स्वतःच्या गॅरेजचं नाव शोधा, Read reviews उघडा आणि त्या रिव्ह्यूखाली Reply दाबा. उत्तर लगेच दिसेलच असं नाही, गूगल ते तपासून लावतं. म्हणून दिसलं नाही तर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. बिल तपासायला एक दिवसापेक्षा जास्त लागणार असेल तर आधी दोन ओळी टाका: ‘बिल तपासत आहोत. सोमवारी संध्याकाळपर्यंत नेमका हिशेब इथेच लिहितो.’ सोमवारी तेच उत्तर बदला. वेळ दिलीत आणि पाळली नाहीत तर काहीच न लिहिलेलं बरं होतं.

बहुतेक गॅरेजं लिहितात ते उत्तर असं असतं: ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत. आमचे सर्व दर पारदर्शक असून आम्ही गेली २० वर्षे सेवेत आहोत. कृपया आमच्याशी संपर्क साधावा.’ यात आकडा नाही, चूक कोणती ते नाही, पैसे मिळणार की नाही ते नाही. ‘दर पारदर्शक’ म्हणजे ग्राहक खोटं बोलतोय, असाच अर्थ निघतो. आणि ज्याच्या खिशातून पैसे गेले त्यालाच संपर्क साधायला लावलं आहे. ‘असुविधा’ हा रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेतला शब्द आहे, तो तिथेच राहू द्यावा.

वरच्या हिशेबावरून लिहिलेलं उत्तर असं होईल:

‘नमस्कार. शनिवारचं तुमचं बिल आम्ही पुन्हा तपासलं. तुमची तक्रार मोठ्या प्रमाणात बरोबर आहे. तीन कामं (केबिन फिल्टर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश) तुम्हाला न विचारता केली गेली, ऑइल अर्धा लिटर जादा लावलं गेलं आणि स्प्रे व कन्झ्युमेबल्सचे पैसे तुम्हाला न सांगता लागले. ही आमची चूक आहे, माफ करा. या सगळ्याचे टॅक्ससकट २,८३२ रुपये बुधवार, १८ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत तुम्ही ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने परत पाठवतो. त्यासाठी गॅरेजला यायची किंवा काही लिहून द्यायची गरज नाही. ब्रेक पॅडचं काम किंमत कळवून आणि तुमचा होकार घेऊन केलं होतं, त्यामुळे ते बिलात राहील. जुने पॅड आम्ही ठेवले आहेत, कधीही बघता येतील. दुरुस्त बिल तुमच्या नंबरवर पाठवलं आहे. — मालक’

ग्राहकाने जेवढं स्वतः लिहिलंय त्याच्या पलीकडे त्याची ओळख पटेल असं यात काहीच नाही. गाडीचा नंबर, मॉडेल, मोबाईल, सोसायटी, ‘मागच्या वेळीही तुम्ही घासाघीस केली होती’, हे सगळं बाहेर ठेवलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट तर कधीच टाकू नये. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्यांसमोर उघड करणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये अनुचित व्यापार प्रथांमध्ये मोडतं. म्हणजे २,८३२ रुपयांच्या तक्रारीला तुम्हीच दुसरी, अधिक गंभीर तक्रार जोडून द्याल. कामांची नावं मात्र लिहावीत, कारण वाद त्यांचाच आहे.

‘मोठ्या प्रमाणात बरोबर’ हे शब्दही मोजून घेतलेले आहेत. सगळं बरोबर म्हटलं तर पॅडचं काय, हा प्रश्न येतो. ‘काही अंशी’ म्हटलं तर निम्मा फरक परत करताना चूक लहान दाखवल्यासारखं होतं. आणि पॅडचा मुद्दा शेवटाकडे, एका वाक्यात, ‘होकार’ या शब्दापुरता. आधी बचाव आणि मग माफी असा क्रम लावला की माफी कोणी वाचत नाही.

रिव्ह्यू इंग्रजीत असेल तर उत्तर इंग्रजीत, हिंदीत असेल तर हिंदीत द्यावं. ‘लुटारू’ या शब्दाला उत्तर देऊ नका. अब्रुनुकसानीची धमकी देऊ नका. आणि त्याच रात्री नातेवाईकांकडून पाच-पाच ताऱ्यांचे दहा रिव्ह्यू टाकून घेऊ नका. एकाच दिवशी आलेले, ‘बेस्ट सर्व्हिस’ एवढंच लिहिलेले रिव्ह्यू कुठलाही वाचक ओळखतो आणि खोटे रिव्ह्यू गूगलच्या नियमांतही बसत नाहीत.

एक अट मात्र फार मोहात पाडते: ‘रिव्ह्यू काढा, मग पैसे देतो’ किंवा ‘बदललात तर पुढची सर्व्हिसिंग फुकट.’ वाईट रिव्ह्यू बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात पैसे, सूट, फुकट सेवा देणं गूगलच्या धोरणात स्पष्टपणे मना आहे. पण त्याहून मोठं कारण साधं आहे. हे पैसे ग्राहकाचेच आहेत. त्याचेच पैसे द्यायला अट घातली, हे त्याने रिव्ह्यूत जोडलं की तुमचं अख्खं उत्तर वाया जातं. म्हणूनच ‘पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करू’ हाही उपाय इथे चालत नाही. ज्याला तुमच्याकडे परत यायचं नाही, त्याला तो उपायच नाही.

पैसे परत आणि क्रेडिट नोट

यूपीआयने पैसे आले असतील तर दुकानाच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडून रिफंडची सोय आहे का बघा. त्या वाटेने पैसे मूळ खात्यातच जातात आणि चुकीच्या नंबरवर जायची भीती राहत नाही. कार्ड मशीनवर घासलं असेल तर रिफंड बँकेमार्फत जातो आणि खात्यात दिसायला काही कामकाजाचे दिवस लागतात. अशा वेळी उत्तरात ‘बुधवारपर्यंत जमा होतील’ असं लिहू नका, ‘बुधवारपर्यंत आमच्याकडून पाठवू’ असं लिहा. तारीख हुकण्याचं मोठं कारण हेच असतं. रोख दिले असतील तर खाते किंवा यूपीआय आयडी खासगीत मागा, रिव्ह्यूखाली नव्हे. पैसे गेले की व्यवहाराचा नंबर ग्राहकाला पाठवा.

जुनं बिल फाडून त्याच नंबरचं नवं बिल करू नका. जीएसटी कायद्याच्या कलम ३४प्रमाणे जास्त लागलेल्या रकमेची क्रेडिट नोट काढायची असते. त्यावर मूळ बिलाचा नंबर व तारीख, करपात्र रक्कम २,४००, सीजीएसटी ९ टक्के २१६, एसजीएसटी ९ टक्के २१६, एकूण २,८३२. ग्राहकाला पाठवायचं ‘दुरुस्त बिल’ म्हणजे ही क्रेडिट नोट आणि सोबत ७,०८०चा हिशेब. जीएसटीआर-१मध्ये ती दाखवली की तुम्ही भरलेला ४३२ रुपये कर कमी होतो, म्हणजे तो तुमच्या खिशातून जात नाही. यासाठी मुदत आहे: ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल ते.

इथेच एखाद्या वेळी मोठी भानगड सापडते. गॅरेज कंपोझिशन योजनेत असेल किंवा जीएसटी नोंदणीच नसेल, तर ग्राहकाकडून जीएसटी वेगळा लावता येतच नाही. तरी बिलात तो लागला असेल तर प्रश्न पूर्ण बिलावरच्या १,५१२ रुपयांचा आणि त्या काळातल्या बाकीच्या बिलांचाही आहे. तेव्हा जाहीर उत्तर लिहिण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

पैसे गेल्यावर आपलं उत्तर पुन्हा उघडा आणि शेवटी एक वाक्य जोडा: ‘१८ तारखेला दुपारी २,८३२ रुपये परत पाठवले आहेत.’ जुना मजकूर तसाच ठेवा. ग्राहकाने रिव्ह्यू बदलला नाही तरी चालेल. खालचं वाक्य वाचणारा नवा ग्राहक कोणत्या बाजूला झुकतो, ते त्याच्यावर सोडा.

बिल बरोबर निघालं तर

असंही होतं. नेहमीचं कारण म्हणजे ग्राहकाने ऐकलेला आकडा ‘टॅक्स सोडून’ होता किंवा तो साध्या ऑइलचा होता आणि गाडीला सिंथेटिक लागलं. तेव्हा पैसे देऊन विषय मिटवू नका. दर सांगताना काय धरलं होतं आणि बिलात काय आलं, हे दोन ओळींत लिहा. पूर्ण हिशेबाची प्रत पाठवा, जुने सुटे भाग बघायला बोलवा. टॅक्सचं मात्र आधी सांगितलंच नसेल, तर ‘बिल बरोबर आहे’ असं म्हणू नका. ती चूक तुमची आहे आणि तो फरक द्यावा.

पुढे असं होऊ नये म्हणून काय बदललं, हे उत्तरात लिहायचं असेल तर ते आधी खरंच बदला. इथे एकच बदल पुरेसा होता: एस्टिमेटच्या पलीकडच्या प्रत्येक कामाला टॅक्ससकट किंमत लिहून व्हॉट्सअ‍ॅप, आणि ‘हो’ आल्याशिवाय पाना लावायचा नाही. पॅडच्या बाबतीत हे पाळलं गेलं म्हणून २,८९१ रुपये वाचले.

ग्राहक वकिलाची नोटीस पाठवेल किंवा काम बिघडून गाडीचं नुकसान झाल्याचा आरोप असेल, तर हे सगळं थांबवून आधी वकिलाला दाखवा, कारण जाहीर उत्तर पुढे जिल्हा ग्राहक आयोगासमोर कागद म्हणून येऊ शकतं. तिथे तक्रार करायला ग्राहकाला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तर एका फोनवर नोंद होते. म्हणून जॉबकार्ड, मेसेज, क्रेडिट नोट आणि रिफंडचा नंबर एकाच फाइलमध्ये निदान दोन वर्षं ठेवा. ग्राहकाने खातं कळवलंच नाही, तर पाठवलेला मेसेजही त्याच फाइलमध्ये लावा आणि जाहीर उत्तरात लिहा, ‘२,८३२ रुपये तयार आहेत, खातं कळवल्यावर त्याच दिवशी पाठवू.’